रजेचे साठ दिवस

हंबीरराव रजेवर निघाला, की गाडीतच त्याचं घर बांधून पुरं व्हायचं. वरच्या बाकावर ट्रंकेला डोकं टेकून तो डोळे मिटायचा आणि मनातल्या मनात कामाला लागायचा. पहिल्या आठवड्यात भिंती वर येतील, दुसऱ्यात सुतार तुळया चढवेल, तिसऱ्यात वासे, मग कौलं. आकाराम गवंडी ओळंबा लावतोय, गुंडा सुतार रंधा मारतोय, बैलगाडीतून वाळू येऊन पडतेय, हे सगळं त्याला इतकं लख्ख दिसायचं, की पुण्याला गाडी बदलेपर्यंत तो नव्या घराच्या सोप्यात बसून चहा प्यायला लागलेला असायचा.

माणूस भोळा नव्हता. पंधरा वर्षं सॅपर पलटणीत काढलेली, पासष्टची आणि एकाहत्तरची अशा दोन लढाया पाहिलेल्या. पूल बांधणं, रस्ता फोडणं, चर खणणं हेच त्याचं रोजचं काम. नवा लेफ्टनंट सरावाच्या वेळी म्हणाला होता, "हवालदार, तीन दिवसांत पूल उभा करायचा." तेव्हा हंबीररावानं सलाम ठोकून सांगितलं होतं, "साहब, असला पूल चार दफा बांधला. एकदाबी पाच दिवसांच्या आत झाला नाही. सहा धरा." साहेब हसला होता. पूल सहाव्या दिवशी संध्याकाळी उभा राहिला. तेव्हापासून तो साहेब कागदावर तारीख टाकायच्या आधी हंबीररावाला बोलवायचा.

गावातही तेच. खटाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला, माळावर त्याचं गाव, खडकेवाडी. शेजारच्या कृष्णातनं गोठा बांधायला काढला आणि "दीड म्हैन्यात उरकतो" म्हणाला, तेव्हा हंबीरराव सरळ म्हणाला, "गड्या, चार म्हैने धर. तुज्या भावाचा गोठा, नाथाजीचा गोठा, सगळ्यांनला तेवडंच लागलं." कृष्णात रागावला. गोठा पाचव्या महिन्यात झाला.

फक्त स्वतःच्या घराचं गणित तेवढं त्याला जमत नव्हतं, आणि जमत नाही हे त्याला कळतही नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली त्यानं घर काढलं. जुनं छप्पर, म्हणजे त्यांचं राहतं साधं घर, पार खचलं होतं, पावसाळ्यात चुलीवर गळायचं. छपराच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, मोकळी जागा होती. साठ दिवसांच्या रजेत जोतं आणि भिंती, पुढच्या रजेत कौलं, असा बेत होता. पण एका कोपऱ्याला पाया खणताना काळा खडक लागला. सुरुंग लावणारा माणूस मायणीकडच्या विहिरीवर गुंतला होता. तो येईपर्यंत एकवीस दिवस गेले आणि रजा संपली तेव्हा फक्त जोतं तयार होतं. पंचाहत्तरला सिमेंटचं परमिट अडलं. तहसिलीत सात हेलपाटे झाले, त्यातच आकारामला हिवताप भरला. भिंती खिडकीच्या वर हातभर आल्या आणि थांबल्या.

दोन्ही वर्षी बेताच्या शेवटी एक ओळ होती. घर झालं, की राहिलेल्या पंधरा दिवसांत आबांना मिरजेला नेऊन डोळे दाखवायचे. दोन्ही वर्षी घरानं ते पंधरा दिवस खाल्ले.

आबा म्हणजे हंबीररावाचे वडील, लालासाहेब. सत्तरीला आलेला, काटक, तोंडानं तिखट म्हातारा. त्यांच्या डोळ्यांचं सगळ्यात आधी विजयमालाच्या, म्हणजे हंबीररावाच्या बायकोच्या, ध्यानात आलं. म्हातारा सुईत दोरा ओवायचा, चष्मा लावून पेपरातला बारीक मजकूर वाचायचा, पण उंबऱ्याला अडखळायचा. बैलगाडीचा दांडा दोनदा मांडीत बसला. शेळी उजव्या हाताला उभी असताना तिला हाका मारत माळभर फिरला. विजयमालानं पत्रात लिहून कळवलं. आबांना विचारलं तर ते खेकसले, "मला समदं दिसतंय. तूच मधी मधी येतीयास."

पेपर वाचतोय म्हणजे डोळे ठीक, असं हंबीररावाला वाटलं. फार तर मोतीबिंदू असेल. मोतीबिंदू कधीही काढता येतो, तो कुठं पळून जातोय.

शहात्तरच्या मार्चात तो पुन्हा आला. या खेपेला सगळी तयारी होती. कऱ्हाडला मंगलोरी कौलं सांगून ठेवलेली, सिमेंटच्या गोण्या घरात, तुळयांची लाकडं वाळून तयार. आल्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसून त्यानं आंतरदेशीय पत्राच्या पाठीवर तारखा मांडल्या.

"ह्या बारीला बगच तू," तो विजयमालाला म्हणाला. "बावीस एप्रिलला शेवटचं कौल. मग राह्यले पंचवीस दिस. आबास्नी निवांत मिरजंला नेऊ."

विजयमाला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "आवं, आदी मिरजंला जाऊन यावा की. दोन दिसांचं तर काम."

"दोन दिसांचंच हाय म्हणून तर म्हंतोय. कवाबी हुईल. गवंडी आत्ता मोकळा हाय, त्यो सोडला तर गावायचा न्हाई."

"गेल्या सालीबी असंच म्हणाला व्हता."

"गेल्या साली परमिट व्हतं मदी. आता सिमिट घरात हाय. त्याच्या आदल्या साली खडक लागला. आता खडक कुटनं येनार भितीत?"

विजयमालानं भाकरी तव्यावर टाकली. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. खडक भिंतीत येणार नव्हता. पण तिच्या मनाला ते पटलंही नाही. का पटलं नाही, हे तिला सांगता येईना. ती भाकरी उलटून म्हणाली, "मामास्नी तरी इचारा."

आबा छपराच्या दारात पेपर घेऊन बसले होते. पेपर अगदी नाकासमोर धरलेला. "आदी घर हू दे," ते म्हणाले. "डोळं कुटं पळून जात न्हाईत."

झालं. हंबीररावाला जे ऐकायचं होतं, ते त्याला ऐकायला मिळालं.

पहिले दहा दिवस काम झपाट्यानं झालं. तो उगवतीला उठून पाणी मारायचा, आकारामच्या हाताखाली दगड द्यायचा, आणि संध्याकाळी पत्राच्या पाठीवर खूण करायचा. मग गुंडा सुताराची सासू पलूसला वारली. गुंडा तेरा दिवस तिकडंच राहिला. तो आला आणि मोठी तुळई चढवायला घेतली, तर तिच्या पोटात वाळवी. वरून लाकूड ठणठणीत, आतून भुसा. दुसरं लाकूड शोधायला विटा, मग कऱ्हाड. लाकूड मिळालं ते ओलं. कौलांचा ट्रक वाटेतच बिघडून पडलाय, असा निरोप आला. मध्येच लगीनसराई लागली आणि आकारामनं हात जोडून चार दिवस मागितले.

"ह्यो काय माजा दोष हाय व्हय?" हंबीरराव चिडून म्हणाला. तुळई बसायची होती, अर्ध्या भिंती उघड्या होत्या आणि मे महिन्याची सात तारीख उजाडली होती.

"तुमचा न्हाई," विजयमाला म्हणाली. "कुणाचाच न्हाई. पन एक इचारू? चौऱ्यात्तरला खडक व्हता. पंच्यात्तरला परमिट. आवंदा वाळवी. दर साली निराळंच काय तर निघतं. पन निघतं की न्हाई?"

"आगं, पन वाळवी लागंल हे आदी कुणाला ठाव व्हतं?"

"वाळवी कुणालाच ठाव नसती. काय तरी निघनार, हे मातर ठाव असतंय. कृष्णातभावजींच्या गोठ्याला तुमीच सांगितलं न्हवं, चार म्हैने म्हणून? त्यांचं काय अडनार हे तुमाला कुटं म्हाईत व्हतं? मागचं गोठं बगून तुमी सांगितलंसा. आपल्या घराचं सांगताना मातर मागचं दोन साल तुमी बगतच न्हाई. फुडंच बगताय."

हंबीरराव ओरडला. "तुला पलटणीत भरती करायला पायजे!" असं म्हणून पायात वहाणा घालून तो वाळूच्या गाडीमागं निघून गेला. चालता चालता त्याच्या मनात आलं, की ती म्हणते ते बरोबर आहे. आणि लगोलग दुसरं मनात आलं, की आता लाकूड वाळलंय, आकाराम परवा येतोय, तेव्हा आता काही अडायचं कारण उरलेलं नाही.

त्याच आठवड्यात आबा नव्या घराजवळ रचलेल्या दगडांच्या ढिगाला धडकून पडले. दगड ढोपराएवढे, उन्हात पांढरेशुभ्र, आंधळ्यालाही दिसावेत असे. कपाळाला खोक पडली. विजयमालानं हळद दाबली आणि नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. पंधरा मेला तिघं जण मिरजेच्या गाडीत बसले. घरातल्या दोन्ही लहान मुली गावातल्या अंबूबाई आत्याजवळ ठेवल्या. एकोणिसाला हंबीररावाला पलटणीच्या गाडीत बसायचं होतं.

मिरजेतल्या डोळ्यांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आबांना समोर बसवलं. "माझ्या नाकाकडे बघायचं. बोट दिसलं की सांगायचं." आणि कडेनं बोट हळूहळू पुढं आणायला सुरुवात केली. हंबीरराव भिंतीला टेकून उभा होता. त्याला वाटलं, आता आबा सांगतील. बोट कानापासून निघालं, गालाशी आलं, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आलं. आबा गप्प. बोट अगदी डॉक्टरांच्या नाकाला लागायला आलं, तेव्हा आबा म्हणाले, "हां, ह्ये बगा."

डॉक्टरांनी औषधाचे थेंब टाकले, डोळ्यावर एक छोटं यंत्र टेकवून दाब मोजला, अंधाऱ्या खोलीत बॅटरीनं आत बघितलं. बाहेर आल्यावर हात धूत ते म्हणाले, "मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं दिसणं जातं आणि मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणूस वाचतो आणि वाटतं, सगळं ठीक आहे. डावा जवळजवळ गेलाय. उजव्यात नळीतून बघावं एवढं उरलंय."

"आपरेशन करून परत येईल?" हंबीररावानं विचारलं.

"गेलेलं येत नाही. उरलंय ते राखायला ऑपरेशन. त्यानंतरही थेंब रोज, चुकवायचे नाहीत." डॉक्टर थांबले. "अडखळायला कधीपासून लागले?"

विजयमालानं सांगितलं, "दोन वर्सं झाली."

डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं, असं हंबीररावाला वाटलं.

ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. पुढं दहा-बारा दिवस तिथंच राहायचं. हंबीररावानं रजा वाढवून मागणारी तार केली. उलट तार आली, दहा दिवस मंजूर. तार हातात घेऊन तो दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसला. विजयमाला जवळ येऊन बसली. मग तो म्हणाला, "इकडं तू हायसच. आपरेशन झालं, की मी गावाकडं जातो. कौलं आल्याती म्हनं. चार दिसांचं काम हाय. छप्पर टाकून पट्टी सोडायच्या दिवशी हितं हजर."

विजयमालानं त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू ओळखतच नाही.

"आवं, आजबी?"

"पाऊस तोंडावर आलाय. भिती भिजल्या तर तीन सालाचं काम मातीत जाईल."

"जाऊ द्या की मातीत! मामा डोळं उगडतील तवा तुमी समोर असायला पायजे का न्हाई?"

"म्हंजी काय! असनारच की. चार दिसांचं तर काम हाय."

त्यानं हे खोट्यानं म्हटलं नव्हतं. खडकेवाडीला उतरल्यापासूनचं सगळं त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. एक दिवस वासे, एक दिवस कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, दोन दिवस कौलं, पाचव्या दिवशी मिरजेची गाडी.

ऑपरेशन झालं, आबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या चढल्या आणि एकवीस तारखेला तो गावाला गेला.

कौलं आली होती, पण ट्रकमध्ये तिसरा हिस्सा फुटली होती. जास्तीची आणायला एक दिवस गेला. गुंडा एका लग्नात होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वाशांची मापं जुन्या तुळईला धरून काढलेली, नव्या तुळईला ते आखूड पडले. हंबीररावानं स्वतः करवत हातात घेतली. तळहाताला फोड आले. रोज उजाडताना त्याला वाटे, उद्या संध्याकाळपर्यंत उरकेल. रोज मावळताना उद्याचाही उद्या होई. पंचवीस गेली, सव्वीस गेली. पट्टी सव्वीसला सोडायची होती, हे त्याला वासा ठोकताना आठवलं. हातोडा थांबला. मग तो स्वतःशीच म्हणाला, आता अर्ध्यावर सोडून तरी काय उपयोग, आणि पुन्हा ठोकू लागला.

अठ्ठावीसच्या सकाळी अर्ध्या घरावर कौलं होती आणि अर्ध्यावर उघडे वासे. उरलेल्या भिंतींवर त्यानं ताडपत्री आणि कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, आकारामला हात जोडले आणि मिरजेची गाडी पकडली. संध्याकाळच्या गाडीनं त्याला पुढं पलटणीत जायचं होतं.

आबा खाटेवर बसलेले. उजव्या डोळ्याची पट्टी निघालेली, डाव्यावर हिरवं फडकं. विजयमाला त्यांना पेज पाजत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"कोण हाय?" आबा म्हणाले.

"मी हाय आबा. हंबीरा."

"तिकडं बाजूला हुबा राहू नगंस, दिसत न्हाईस. असा म्होरं ये."

तो समोर गेला. आबांनी मान थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं केली, जसं दाराच्या फटीतून कुणाला शोधावं तसं, आणि त्याचा चेहरा सापडल्यावर थांबले. "वाळलास लय," ते म्हणाले. "घर झालं?"

"झालं आबा. थोडं राह्यलंय."

"किती?"

हंबीररावाच्या जिभेवर आलं होतं, दोन-चार दिसांचं. त्यानं ते गिळलं. "म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

आबा हसले नाहीत, रागावले नाहीत. "परवा पट्टी सोडली," ते म्हणाले. "सूनबाईचं त्वांड दिसलं. मग मी म्हनलं, हंबीरा कुटाय? ती म्हनली, येतोय. काल म्हनली, येतोय." एवढं बोलून त्यांनी वाटीसाठी हात पुढं केला. हात वाटीच्या वीतभर बाजूनं गेला. हंबीररावानं वाटी त्यांच्या हातात दिली.

गाडीला तासाभराचा अवधी होता. निघताना विजयमाला दारापर्यंत आली. तो म्हणाला, "थेंब चुकवू नगंस." ती म्हणाली, "न्हाई चुकवत." आणि परत फिरली.

त्या पावसाळ्यात ताडपत्री वाऱ्यानं उडाली आणि एक भिंत आतून फुगली. ती उतरवून पुन्हा बांधावी लागली. सत्त्याहत्तरच्या रजेत हंबीररावानं घराला हात लावला नाही, सगळे दिवस आबांना मिरजेला नेण्या-आणण्यात घालवले. पण उजव्या डोळ्यातली फट थेंबांना दाद देईना. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत एका सकाळी आबा म्हणाले, "अजून उजाडलं न्हाई व्हय?" तेव्हा अंगणात ऊन पसरलेलं होतं.

हंबीरराव पेन्शनीवर घरी आला आणि एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात घर पुरं झालं. चार खोल्या, पुढं सोपा, वर लाल कौलं. आबांना त्यानं स्वतः हाताला धरून आत नेलं. म्हातारा आठ दिवस राहिला. जुन्या छपरातला प्रत्येक मेढीचा खांब, प्रत्येक उंबरा त्यांना पायांनी पाठ होता. इथं दार कुठं, भिंत कुठं, काही लागेना. दोनदा ते ओट्यावरून पडले. नवव्या दिवशी काठी मागून घेतली आणि म्हणाले, "मला खाली माज्या छपरात न्हिऊन सोड. तितं मला दिसतंय."

हंबीररावानं नेऊन सोडलं. संध्याकाळी तो विजयमालाजवळ येऊन बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "छपरापासनं वर घरापर्यंत एक कठडा घालतो. त्याला धरून येतील आबा. जेवायला तरी वर येतील."

"घाला की," ती म्हणाली.

"किती दिस लागतील सांग."

तिनं तांदळातले खडे निवडायचे थांबवले. एवढ्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. "कृष्णातभावजींनी मळ्याला कुंपन घातलं, तेला किती लागलं?"

"तीन आठवडं."

"मग तेवडंच धरा."

त्याला वाटलं होतं पाच दिवस. तरी त्यानं तीन आठवडेच धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन तो पहिल्या मेढीचा खड्डा खणायला लागला. पहार दगडावर आपटल्याचा आवाज खाली छपरापर्यंत जात होता. आबा दारात बसून, मान न वळवता, तो ऐकत होते.